दोन पिशव्या आणि एक आकडी

प्रश्न : आम्ही दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जातो. फडात आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. दोन वर्षांपासून सारखी उन्हाळी लागते. लघवीबरोबर जंतू वाहून का जात नाहीत? एका दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलं आहे. काढू का?
— एक वाचक भगिनी, ता. शिरूर कासार, जि. बीड

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाबद्दल. तुमचं दुखणं लघवीच्या पिशवीचं दिसतं आणि काढायला सांगितलेली पिशवी बहुधा गर्भाची आहे. गर्भाशय काढल्याने उन्हाळी थांबत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीला बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आता जंतूंचं. उन्हाळी बहुतेक वेळा ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमुळे होते. नुसता तरंगत असता, तर तो लघवीबरोबर निघून गेला असता. पण त्याच्या अंगावर शेकडो बारीक केस असतात. त्यांना पिली किंवा फिंब्री म्हणतात. केसाच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन आकडीसारखं बसलेलं असतं. लघवीच्या पिशवीच्या आतल्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते, तिच्यात ही आकडी अडकते. सरकफास ओढला की आवळतो, तशीच ही पकड धारेचा ताण पडला की घट्ट होते. म्हणून एकदा चिकटलेला जंतू धारेने सुटत नाही. पुढे तो पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि काही जंतू आत दडून राहतात. गोळ्यांनी बरं वाटूनही पुन्हा त्रास होण्याचं हे एक कारण आहे.

मग पाणी पिऊन उपयोग काय? जे अजून चिकटलेले नाहीत, ते वाहून जातात. दाबून ठेवलेल्या लघवीत त्यांना वाढायला आणि चिकटायला सवड मिळते. वारंवार उन्हाळी लागणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरच्या एका अभ्यासात, रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. पण आडोसाच नसेल तर पाणी प्या असं सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. टोळीसाठी फडाजवळ शौचालयाची सोय कारखान्याकडे आणि मुकादमाकडे मागा.

मॅनोजची पूड घेतली तर आकड्या तिच्यातच अडकतील, ही कल्पना चांगली होती. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. तिच्यावर पैसे घालू नका.

गोळ्या सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करून घ्या, म्हणजे कोणतं औषध लागू पडेल ते कळेल. थंडी वाजून ताप आला, बरगड्यांखाली पाठीत दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते. काही ई. कोलायकडे पी-पिली नावाचे वेगळे केस असतात, आणि त्यांची आकडी मूत्रपिंडाच्या पेशींवर बसते.