परिपाठातील बोधकथा : एका कथनाची बांधणी

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष या क्रमात बोधकथेच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे येतात. मुलांसमोर सावकाश बोलल्यास तेवढ्या वेळात सुमारे ३०० शब्द होतात. म्हणून एकच प्रसंग निवडावा.

बीड जिल्ह्यातील एखाद्या शाळेत ‘भूतदया’ या मूल्यावर आपणास बोलावयाचे आहे, असे समजू. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्याच काठी पैठण आहे. तेथील संत एकनाथांची आख्यायिका आपल्या परिचयाची आहे : काशीहून रामेश्वरास अभिषेकासाठी नेले जाणारे गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजले.

बहुतेक वक्ते थेट गाढवापाशी पोहोचतात आणि तेथेच कथा फसते. गाढवाला पाणी पाजणे ही मुलांच्या दृष्टीने साधी गोष्ट असते. त्या पाण्याची किंमत आधी कळली, तरच ते ओतणे मोठे वाटते. म्हणून निम्मा वेळ कावडीला द्यावा. बांबूच्या दोन टोकांना टांगलेले पाणी, दुखणारे खांदे, न सांडता चाललेली शेकडो कोसांची पायपीट. प्रारंभ असा करता येईल : “मुलांनो, एका माणसाने खांद्यावरून काशीचे पाणी आणले होते. त्यातला एक थेंबही त्याने स्वतःसाठी घेतला नव्हता.” यानंतर तापलेली वाळू आणि गाढव यांना दोन-तीन वाक्ये पुरतात.

खरा ताण पुढे आहे. पाणी देवासाठी राखलेले होते. सोबत्यांनी हरकत घेतली. त्यांना दुष्ट ठरवू नये. त्यांचेही म्हणणे रास्त वाटले, तरच एकनाथांचा निर्णय मुलांना निर्णय वाटेल. आपला अभिषेक येथेच रामेश्वरास पोहोचला, या आशयाचे त्यांचे उत्तर सांगून कथा तेथेच थांबवावी. ‘तात्पर्य’ जोडण्याचा मोह फार होतो. परंतु तो शब्द उच्चारताच मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, हा नित्याचा अनुभव आहे.

कथा पोहोचली की नाही, हे ‘यातून काय शिकलात?’ या प्रश्नाने कळत नाही. त्याचे उत्तर मुलांना पाठ असते. ‘सोबती का रागावले?’ असे विचारावे. मूल्याऐवजी केवळ गाढव लक्षात राहिले असेल, तर येथे शांतता पसरते.

एक सावधगिरी याच जिल्ह्यासाठी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या, अथवा आईवडील ऊसतोडीला गेल्याने घरचे पाणी स्वतः भरणाऱ्या मुलीला ‘पाणी वाटून घ्यावे’ हा उपदेश बोचू शकतो. तिला पाण्याची किंमत वक्त्याहून अधिक ठाऊक असते. घागर किती जड होते, हे तिलाच सांगू द्यावे आणि तिच्या उत्तरावर शेरा मारू नये.