सिझरच्या आधी काय खाल्लं, ते खरं सांगा

कळा सुरू झाल्या की घरची माणसं बाळंतिणीला चहा-बिस्किट देतात. घाटीत नेलं की भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचं कधी खाल्लं?" रागावतील म्हणून नातेवाईक सांगतात, "काहीच नाही." हे उत्तर जिवावर बेतू शकतं.

कळांमध्ये पोट फार सावकाश रिकामं होतं. पूर्ण भूल दिली की बाई बेशुद्ध होते, खोकला येत नाही. पोटातलं अन्न आणि आम्ल वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी 1946 साली असे 66 रुग्ण नोंदवले. त्यातल्या दोघी घट्ट अन्न अडकून गुदमरून गेल्या.

म्हणून शक्यतो कमरेत, मणक्यात सुई देऊन भूल देतात. बाई जागी राहते, उलटी झाली तरी खोकून बाहेर टाकते. पण "कमरेतच सुई आहे, मग खाल्लं तर काय" हे चूक. कधी ती भूल नीट चढत नाही, मग पूर्ण भूल द्यावी लागते. रक्त गोठत नसेल, रक्तस्राव फार असेल किंवा बाळासाठी वेळच नसेल, तर सुरुवातीपासूनच पूर्ण भूल लागते.

समजा, रात्री दहाला वरण-भात खाल्ला आणि एक वाजता बाळाचे ठोके मंदावले. जेवणानंतर सहा तास झालेले नाहीत, तरी थांबता येत नाही. खरं कळलं तर डॉक्टर आम्ल मारणारं 30 मिली सोडियम सायट्रेट पाजतात. कमरेतली भूल जमली नाही तर आधी ऑक्सिजन देतात. मग एक जण गळ्यावरचं कूर्चेचं कडं दाबून धरतो, तोवर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसते. बाई पूर्ण जागी झाल्यावरच ती काढतात.

कमरेतल्या भुलीचाही एक धोका आहे. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उताणं झोपल्यावर गर्भाशय मोठी शीर दाबतं. बीपी 120 वरून 85 वर येऊ शकतं. बाळाला रक्त आईच्याच बीपीवर पोहोचतं. म्हणून उजव्या कुल्ल्याखाली उशी ठेवून बाईला डाव्या अंगावर थोडं कलवतात, सलाईन जोरात सोडतात, फिनाइलएफ्रिन किंवा मेफेंटरमाइन देतात आणि दर मिनिटाला बीपी बघतात. औषध लागू पडलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं.

मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम ही बीपी उतरल्याची खूण आहे. टेबलावर असं वाटलं तर बाईने लगेच सांगावं.

सिझर ठरलेलं असेल तर सहा तास आधीपासून जेवण, दूध, दुधाचा चहा बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कळा अचानक आल्या आणि खाणं होऊन गेलं असेल, तर काय खाल्लं आणि किती वाजता, हे सोबतच्या बाईने लक्षात ठेवून डॉक्टरांना जसंच्या तसं सांगावं.