‘बॅटरी चांगली आहे’ म्हणजे नेमकी किती?



मागच्या वर्षी मदतनिधीसाठी सदस्यांनी दिलेले जुने लॅपटॉप ट्रेड मीवर विकायला टाकले, तेव्हा जाहिराती लिहायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरवाला म्हणजे त्याला लॅपटॉपातलं सगळं कळतं, हा आपला जुना समज! एका लॅपटॉपवर मी झोकात लिहून टाकलं, “बॅटरी चांगली आहे.” चार्जर लावला होता, स्क्रीनवर १०० टक्के दिसत होते, मला तेवढं पुरलं. घेणाऱ्या बाईंनी तो मुलीला कॉलेजसाठी घेतला होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या, “अहो, पहिला तास संपायच्या आधीच बंद पडतो. तुम्ही चांगली आहे म्हणालात म्हणून घेतला.” पैसे परत केले, लॅपटॉप परत आणला. तो १०० चा आकडा खोटा नव्हता. मला त्याचा अर्थ कळला नव्हता, इतकंच.

ते १०० टक्के म्हणजे बॅटरीत आज जेवढं मावतं त्याच्या १००. पाच लिटरच्या कळशीत गाळ साचून ती साडेतीन लिटरची झाली, तरी काठोकाठ भरली की आपण भरलीच म्हणतो. विकत घेणाऱ्याला कळशी भरलेली आहे का हे नको असतं, तिच्यात किती मावतं ते हवं असतं. सुदैवाने विंडोज हे सांगतं. स्टार्ट मेनूत cmd असं टाइप करून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत एवढंच लिहायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच छापून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की Installed batteries या भागात दोन ओळी बघायच्या. DESIGN CAPACITY म्हणजे नवी असताना मावणारी वीज आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आता मावणारी. दुसरीला पहिलीने भागा, झालं.

यंदा आलेल्या एका लॅपटॉपचंच उदाहरण घेऊ. मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-तास, आताची ३१,०००. म्हणजे ६२ टक्के. पण त्याच भागातल्या CYCLE COUNT समोर फक्त ११८ दिसले आणि मी चमकलो. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वीज वापरली गेली की एक. आज ५० वापरले, उद्या ५० वापरले, तर दोन दिवसांत एक सायकल. लॅपटॉपच्या साध्या बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० सायकलींनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येतात असा अंदाज धरतात. मग ही ११८ मध्येच एवढी कशी खचली?

देणाऱ्या काकांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. लॅपटॉप वर्षानुवर्षं घरच्या ऑफिसच्या टेबलावर, चार्जरला जोडलेला, मोठ्या मॉनिटरच्या मागे. “बॅटरी वापरलीच नाही म्हणजे नवीच असेल ना?” असं त्यांनी मलाच विचारलं. तर नाही. लिथियम बॅटरी वापराने झिजते तशी नुसती बसूनही झिजते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत उबदार जागी बसली तर जास्तच लवकर. आतल्या रासायनिक क्रिया थांबत नाहीत, वीज साठवू शकणारं लिथियम हळूहळू निकामी थरांत अडकून जातं. म्हणून ‘सायकली कमी’ एवढंच जाहिरातीत लिहिणं हे अर्धसत्य झालं. क्षमतेचा आकडा हवाच.

पण त्या ६२ वरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. बॅटरीतली मोजणी करणारी चिप आत जाणारी आणि बाहेर येणारी वीज मोजत राहते, खरा तळ मात्र तिला बॅटरी रिकामी झाली तरच कळतो. वर्षभर चार्जरवर असलेल्या बॅटरीचा तिचा हिशोब चुकलेला असू शकतो, दोन्ही बाजूंना. म्हणून बॅटरी पूर्ण भरली, चार्जर काढून लॅपटॉप आपोआप झोपेपर्यंत वापरला, पुन्हा न थांबता पूर्ण भरली आणि रिपोर्ट परत काढला. आता आकडा आला ३६,५००, म्हणजे ७३ टक्के. उलटंही घडतं, रिपोर्ट ९० म्हणतो आणि लॅपटॉप ३० टक्क्यांवरून एकदम मरतो. ही असली घसरण दिसली तर रिपोर्टचा आकडा बाजूला ठेवायचा आणि घड्याळाने मोजायचं.

घड्याळाने मी तसंही मोजतोच, कारण ७३ टक्क्यांवरून कुणाला काही बोध होत नाही. स्क्रीनचा प्रकाश निम्मा, वायफाय चालू, सलग व्हिडिओ. १०० पासून २० टक्क्यांपर्यंत यायला ३ तास १० मिनिटं लागली. जाहिरातीत हेच लिहायचं, कसं मोजलं त्यासकट. नुसतं ‘३ तास चालते’ लिहिलं आणि समोरच्याने व्हिडिओ कॉल लावला, प्रकाश पूर्ण केला, तर ते दोन तासही चालणार नाही आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतील.

एक गोष्ट मात्र मोजून कळत नाही, हात लावून कळते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, टचपॅड वर आलंय का, झाकण नीट मिटत नाही का? तसं असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तो विकायचा नाही, चार्ज करायचा नाही, कुरियरने पाठवायचा नाही, आणि घरच्या कचऱ्याच्या किंवा रिसायकलिंगच्या डब्यात तर मुळीच टाकायचा नाही. कचऱ्याच्या ट्रकमध्ये दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते. बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यायचा.

आता बाकीच्या तीन गोष्टी. त्या तुलनेने सोप्या आहेत, कारण त्यातल्या दोन जवळजवळ झिजतच नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ मेमरी आणि स्टोरेजचा होतो. “२५६ जीबी मेमरी” असं लिहिलेल्या जाहिराती मी रोज बघतो. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असेल तर कोठी कितीही मोठी असली तरी एका वेळी दोनच भांडी मांडता येतात. आपल्या लॅपटॉपात ओटा ८ जीबी आणि कोठी २५६ जीबी. ८ जीबीवर ईमेल, बँक, अभ्यास आणि दहाबारा टॅब नीट चालतात. मेमरी वापराने झिजत नाही, एक तर चालते किंवा बिघडते. बिघाड बघायला विंडोजमध्येच Windows Memory Diagnostic आहे, लॅपटॉप रिस्टार्ट होऊन तपासणी होते. खरेदीदाराला याहून उपयोगी माहिती म्हणजे मेमरी वाढवता येते का. काही पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावर कायमची जोडलेली असते. आपल्या या लॅपटॉपात एक खाच रिकामी आहे, हे मी आवर्जून लिहिलं.

स्टोरेजमध्ये एसएसडी असेल तर ती लिहून लिहून झिजते, वाचून नाही. किती झिजली ते PowerShell अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विचारता येतं:

```
Get-PhysicalDisk | Get-StorageReliabilityCounter | Format-List Wear, PowerOnHours
```

इथे Wear समोर ६ आले. म्हणजे कंपनीने धरलेल्या लिखाणाच्या आयुष्यापैकी ६ टक्के संपलं, ६ टक्के उरलं नव्हे! मी पहिल्यांदा उलटाच अर्थ घेतला होता. काही एसएसडी इथे काहीच सांगत नाहीत, तेव्हा ओळ गाळायची, अंदाज ठोकायचा नाही. आणि एक, २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. कुणी काही काढून घेतलेलं नाही. हे आधीच लिहिलं की एक प्रश्न कमी येतो.

प्रोसेसरबद्दल लोक ‘आय ५’ लिहून थांबतात. ते म्हणजे ‘टोयोटा आहे’ सांगण्यासारखं झालं, कोणत्या सालची ते कोण सांगणार? Settings मध्ये System आणि मग About उघडलं की पूर्ण नाव दिसतं. आपल्याकडे ते i5-8250U. पुढचा ८ म्हणजे आठवी पिढी, सन २०१७ ची. हिच्यात चार कोअर आहेत, त्याच्या आधीच्या i5-7200U मध्ये दोनच होते, म्हणजे नाव एक पण फरक मोठा. दुसराही फरक आहे: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. सातव्या पिढीचा लॅपटॉप दिसायला याचा जुळा भाऊ असला तरी त्याची किंमत वेगळी.

प्रोसेसर स्वतः झिजत नाही, त्याचा पंखा आणि वाऱ्याची वाट मात्र धुळीने भरते. दहा मिनिटं जड काम देऊन Task Manager मध्ये Performance बघा. इथे Base speed १.६० गिगाहर्ट्‌झ आहे. काम चालू असताना Speed त्याच्या खाली जाऊन बसला तर गरम होऊन तो मंदावतोय. या लॅपटॉपचं तसंच होत होतं. पंखा साफ केला, मुठीभर धूळ निघाली, आणि वेग परत वर आला.

शेवटी इंग्रजीतून टाकलेल्या जाहिरातीचा मजकूर मराठीत असा होता:

“प्रोसेसर i5-8250U, सन २०१७ ची पिढी, विंडोज ११ घातलेलं. मेमरी ८ जीबी, एक खाच रिकामी. एसएसडी २५६ जीबी (विंडोजमध्ये २३८ दिसेल), ६ टक्के झिजलेली. बॅटरी मूळच्या ७३ टक्के, निम्म्या प्रकाशात सलग व्हिडिओ लावून १०० वरून २० टक्क्यांवर यायला ३ तास १० मिनिटं. बरीच वर्षं चार्जरवर होता. पंखा साफ केला आहे. झाकणावर एक ओरखडा, फोटो क्रमांक ४. बॅटरी रिपोर्टचा फोटो जोडला आहे.”

एका सदस्याने विचारलं, “अरे, एवढं उघड लिहिलंस तर घेईल कोण?” खासगी विक्रीतही चुकीच्या माहितीवर वस्तू घ्यायला लावली तर खरेदीदार इथल्या २०१७ च्या करार कायद्याखाली भरपाई मागू शकतो, हे एक उत्तर झालं. पण मला त्या बाईंचा फोन जास्त आठवत होता. या लॅपटॉपखाली एकच प्रश्न आला: “उचलायला शनिवारी आलं तर चालेल का?”