नम्र मेलमधला खडा

प्रश्न : अंजनगाव सुर्जीत आमचा पानपिंपळीचा व्यापार आहे. पुण्याच्या खरेदीदाराला लिहिलं : ‘नमस्कार सर. माझ्या मागील मेलमध्ये कळवल्याप्रमाणे नमुना पाठवला आहे. कृपया नोंद घ्यावी की हा दर शुक्रवारपर्यंतच लागू राहील. धन्यवाद.’ त्यांचा फोन आला, ‘एवढं चिडायला काय झालं?’ माझं कुठं चुकलं?

उत्तर : ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ ठीक आहेत, टोचतं ते मधलं. सरकारी पत्रात मागच्या पत्राचा उल्लेख वर ‘संदर्भ’ या ओळीत असतो, तिथं तो कुणाला लागत नाही. तोच वाक्याच्या सुरुवातीला आला की ‘तुम्ही वाचलंच नाही’ असं ऐकू येतं. ‘कृपया नोंद घ्यावी’ ही तर नोटीस बोर्डाची भाषा. ‘कृपया’ असूनही हुकूमच वाटतो.

एखाद्या शब्दसमूहाबद्दल शंका आली की तो खोडून पाहा. माहिती तशीच उरली, तर त्यानं फक्त सूर आणला होता. मग असं लिहा : ‘नमुना सोमवारी कुरिअरनं पाठवला आहे, पावती सोबत जोडली आहे. बाजार हलता असल्यानं हा दर शुक्रवारपर्यंतच देता येईल.’ कारण सांगितलं की मुदत धमकी वाटत नाही. (‘शुक्रवारपर्यंतच’मधला ‘च’ मी ठेवलाय, कारण तो खरा आहे.)

पैसे थकले असतील तर मात्र मागचा मेल जरूर दाखवा, पण तारखेनिशी : ‘१२ तारखेच्या मेलसोबत बिल पाठवलं होतं, पुन्हा जोडत आहे.’