कागदावर सही, सहीभोवती पांढरा चौकोन नको



आपल्या भागात एका घरात ऊसही असतो आणि चाकण, महाळुंगे किंवा भोसरीकडे भाड्याने दिलेला एखादा गाळाही असतो. उसाच्या कामात सही अजून पेनानेच होते. गाळ्याचे भाडेकरू मात्र दर महिन्याचे बिल पीडीएफ करून मागतात, आणि त्यावर सही-शिक्का लागतो. दर वेळी छापा, सही करा, पुन्हा स्कॅन करा, हा खटाटोप नको म्हणून मंडळी सहीचा फोटो काढून फाईलीत चिकटवतात. घोटाळा होतो तो तिथेच.

मागच्या वर्षी आमच्या गाळ्याचे बिल भाडेकरूच्या कचेरीतून परत आले. हिशेब पाहणाऱ्या मुलीने फोनवर सांगितले, "काका, तुमच्या सहीखालचा पांढरा चौकोन एकूण रकमेवर बसलाय. आकडाच वाचता येत नाही. शिक्काही अर्धा झाकलाय." बिल पुन्हा जाऊन मंजूर होईपर्यंत भाडे पंधरा दिवस लांबले. तेव्हा हे काम नीट शिकून घेतले. तेच इथे क्रमाने मांडतो.

पांढरा चौकोन येतो कुठून?

मोबाईलचा फोटो बहुधा जेपीजी जातीचा असतो. या जातीत प्रत्येक ठिपक्याला काही ना काही रंग असावाच लागतो. 'इथे काहीच नाही' असे सांगायची सोय तिच्यात नाही. म्हणून सहीबरोबर कोरा कागदही चित्रातच राहतो आणि खालचा मजकूर झाकतो. पीएनजी जातीत रंगाबरोबर प्रत्येक ठिपका किती पारदर्शक आहे याचीही नोंद असते. तेव्हा काम दोन टप्प्यांचे आहे. आधी चित्रातून कागद काढायचा आणि शाई ठेवायची. मग ते चित्र पीएनजी म्हणून साठवायचे. नुसते फाईलचे नाव बदलून .png केले तर कागद जात नाही. नाव बदलते, चित्र तेच राहते.

पहिली पायरी : सही आणि फोटो

रेघा नसलेला पांढरा कागद घ्यावा आणि काळ्या किंवा गडद निळ्या जेल पेनाने सही करावी. बॉलपेनची रेघ मध्येच फिकी होते आणि पुढे तिथे तुटते. पाच-सहा सह्या करून त्यातली नेहमीसारखी वाटेल ती निवडावी. फार जपून केलेली सही आपली वाटत नाही.

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन करावे. नसेल तर दिवसा ओसरीत, उन्हात नव्हे, कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढावा. फ्लॅश लावू नये. आपल्या डोक्याची किंवा हाताची सावली कागदावर पडू देऊ नये. बहुतेक सह्या बिघडतात त्या सावलीनेच. कागदाची एक बाजू पांढरी आणि दुसरी करडी झाली की पुढे एकाच मापाने दोन्ही साफ होत नाहीत.

छापील कागदावर सही साधारण ५ सेंटिमीटर रुंद बसते. ३०० डीपीआयच्या हिशेबाने त्याला सुमारे ६०० ठिपके रुंदी लागते. कापून घेतलेले चित्र त्याहून लहान असेल तर कडा दातेरी दिसतील. अशा वेळी जवळून पुन्हा फोटो घेणे बरे.

दुसरी पायरी : कागद काढणे

वर्डमध्ये Picture Format मध्ये Color आणि त्याखाली Set Transparent Color अशी सोय आहे. पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण ती एका वेळी एकच रंग काढते. फोटोतला कागद आपल्याला एकसारखा पांढरा दिसला तरी त्यात पांढऱ्याच्या अनेक छटा असतात. त्यातली एक निघते आणि बाकीच्या सहीभोवती धुळीसारख्या राहतात.

म्हणून मी जिंप (GIMP) हा मोफत मिळणारा कार्यक्रम वापरतो. त्यात सहीचा फोटो उघडून सहीभोवती बोटभर जागा ठेवून कापून घ्यावा. मग Colors मधून Levels निवडावे. Input Levels च्या पट्टीखाली तीन छोटे त्रिकोण दिसतात. उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे सरकवावा, कागद पूर्ण पांढरा होईपर्यंतच. डावीकडचा काळा त्रिकोण थोडा उजवीकडे घेतला की शाई गडद होते. इथे गुऱ्हाळातली काहील आठवावी. मळी काढायची, पण मळीबरोबर रस काढायचा नाही. त्रिकोण जास्त सरकवला तर सहीची बारीक शेपटी आणि वरच्या रेघा आधी जातात. तसे दिसले की थोडे मागे यावे. मागे येऊनही कागदाचा एखादा कोपरा करडाच राहत असेल, तर फोटोत सावली आहे असे समजावे आणि फोटो पुन्हा काढावा. तासभर चित्राशी झगडण्यापेक्षा ते लवकर होते.

त्यानंतर Colors मधले Color to Alpha घ्यावे. त्यात पांढरा रंग आधीच निवडलेला असतो. OK म्हटले की कागद जातो आणि मागे करड्या चौकड्यांची नक्षी दिसते. ती नक्षी चित्राचा भाग नाही, 'इथे मोकळे आहे' एवढीच खूण आहे. या रीतीचा फायदा असा की शाईच्या कडेचे अर्धवट ठिपके अर्धवट पारदर्शक होतात आणि सहीची कड कापल्यासारखी दिसत नाही.

शेवटी Image मधून Crop to Content घेतले की भोवतालची रिकामी जागा निघते. मग File मधून Export As घेऊन नाव द्यावे, उदाहरणार्थ sahi.png. नुसते Save केले तर जिंपची स्वतःची .xcf फाईल तयार होते. ती वर्डमध्ये घालता येत नाही.

परीक्षा

पांढऱ्या पानावर उरलेली घाण दिसत नाही. म्हणून वर्डमध्ये एक कोरे पान उघडावे, Design मधल्या Page Color मधून ते पिवळे करावे आणि त्यावर सही ठेवून पाहावी. पिवळ्यावर नुसती शाई दिसली तर काम झाले. फिकट चौकोन किंवा ठिपके दिसले तर Levels पासून पुन्हा करावे. आमच्या पहिल्या प्रयत्नात पडद्यावर सगळे स्वच्छ होते आणि छापल्यावर सहीभोवती करडे धुके आले. पिवळ्या पानाची परीक्षा तेव्हापासून चुकवत नाही.

तिसरी पायरी : बिलावर सही बसवणे

आता त्याच भाड्याच्या बिलाचे पाहू. बिलाच्या तळाशी उजवीकडे सहीची रेघ आहे, तिच्यावर शिक्का आहे आणि अगदी वर एकूण रक्कम आहे. वर्डमध्ये Insert, Pictures, This Device असे जाऊन sahi.png आणावी. ती येताच मजकूर खाली ढकलते, कारण वर्ड चित्राला एक मोठे अक्षरच समजतो. सहीशेजारच्या Layout Options च्या खुणेतून In Front of Text निवडले की ती मोकळी होते आणि हवी तिथे सरकते.

मग कोपऱ्याला धरून लहान करावी. बाजूच्या मधल्या खुणेला धरले तर सही चपटी किंवा लांबट होते आणि लगेच बनावट वाटते. उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. बाणाच्या कळांनी सरकवत ती अशी बसवावी की सहीचा खालचा भाग रेघेला थोडा छेदून जाईल. पेनाने केलेली सही अशीच पडते. शिक्क्यावर थोडी आली तरी चालते, शिक्का आता तिच्याखालून दिसतो. आकड्यांवर मात्र येऊ देऊ नये.

आणखी एक खोड ठाऊक असावी. पुढच्या महिन्यात बिलात दोन ओळी वाढल्या की सही जुन्याच जागी राहून भलत्या ओळीवर येऊ शकते. सहीवर टिचकी मारली की पानाच्या कडेला छोटा नांगर दिसतो. तो ओढून सहीच्या रेघेच्या परिच्छेदापाशी आणावा आणि Layout Options मध्ये Move with text निवडलेले ठेवावे. मग रेघ सरकली की सहीही तिच्यामागे जाते.

बिल पाठवताना वर्डची फाईल कधीही पाठवू नये. त्यातली सही कोणीही उजव्या टिचकीने स्वतःकडे साठवून घेऊ शकतो, शिवाय रक्कमही बदलू शकतो. Save As मधून PDF करावे, ते मोठे करून पाहावे आणि पहिल्या वेळी एक प्रत छापून बघावी. समोरच्याने पीडीएफच पाठवला असेल तर अ‍ॅडोब रीडरमधल्या Fill & Sign मधून सहीचे चित्र लावता येते.

सहीची फाईल मोबाईलवरून संगणकावर नेताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. तिथे तिचे जेपीजी होते आणि केलेली सगळी मेहनत जाते. Document म्हणून पाठवावी.

ही सही कुठे चालत नाही

चिकटवलेली सही हे चित्र आहे, डिजिटल सही नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली डिजिटल सही परवानाप्राप्त संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रावर चालते. तिच्यामुळे सही कोणाची आणि नंतर कागदात बदल झाला की नाही, हे तपासता येते. आपल्या चित्राने यातले काहीच सिद्ध होत नाही. म्हणून बिल, पोहोच, साधे पत्र अशा कागदांपुरतीच ती वापरावी, आणि तेही समोरच्याला मान्य असेल तर. डिजिटल सही मागितली असेल तिथे हे चित्र लावून भागत नाही. मृत्युपत्र तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. ते कागदावर, साक्षीदारांसमोरच करावे लागते.

तसेच डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतला असेल तर त्या पीडीएफवर आपली सही चिकटवू नये. मूळ फाईल बदलली की तिच्यावरच्या डिजिटल सहीची पडताळणी बिघडते. आपली सही सोबतच्या पत्रावर करावी आणि सातबारा आहे तसा जोडावा.

शेवटी एक खबरदारी. पीडीएफमधूनही जाणकार माणूस सहीचे चित्र वेगळे काढू शकतो. म्हणून बँकेत जी सही नोंदवली आहे ती या कामी वापरू नये. मी बिलांसाठी थोडी वेगळी, पूर्ण नावाची सही ठेवली आहे आणि भाडेकरूला तसे पत्र देऊन कळवले आहे. sahi.png घरच्या संगणकावर एकाच जागी आहे. ज्या सायबर कॅफेत पहिल्यांदा काम केले, तिथली प्रत त्याच दिवशी काढून टाकली आणि रिसायकल बिनही रिकामा करून घेतला.