ऑलिम्पियाड वर्गासाठी अर्ज: पत्रात काय लिहावे, खर्च किती धरावा

नववीतल्या मुलांच्या पालकांकडे सध्या ‘विज्ञान ऑलिम्पियाड प्रशिक्षण वर्ग, जागा मर्यादित’ अशी माहितीपत्रके येतात. जागा मोजक्या असल्याने निकाल आणि आवड सांगणारे अर्जाचे पत्र मागितले जाते. हे पत्र नीट लिहिले, तर वर्ग मुलाच्या उपयोगाचा आहे का, हे फी भरण्याआधीच कळते.

आधी जन्मतारीख पाहा

कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे एनएसईजेएस ही परीक्षा. ती भारतीय भौतिकी शिक्षक संघ नोव्हेंबरमध्ये घेतो. पुढच्या टप्प्यांची आणि देशाचा संघ निवडण्याची जबाबदारी मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला मूल १५ वर्षांहून मोठे चालत नाही आणि नोव्हेंबरच्या परीक्षेतून संघ निवडला जातो तो पुढच्या वर्षीचा. म्हणून परीक्षेच्या वर्षातून १४ वजा करा. नोव्हेंबर २०२६च्या परीक्षेसाठी जन्म २०१२ किंवा त्यानंतरचा हवा. दहावीतली बरीच मुले या हिशेबात बसत नाहीत, आणि हे फी भरल्यावर कळले तर उपयोग नाही. परीक्षेच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातला वयाचा नियम वाचा आणि पत्रात जन्मतारीख ठळक लिहा.

वर्ग नेमका कोणत्या परीक्षेचा आहे, हेही विचारून घ्या. ‘ऑलिम्पियाड’ नावाच्या अनेक खासगी शालेय परीक्षा आहेत आणि त्यांचा देशाच्या संघनिवडीशी संबंध नसतो. केंद्राच्या अंतिम निवड शिबिरातली जागा केवळ गुणांवर मिळते, तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च केंद्र करते. त्या शिबिरात ‘जागा मिळवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नका.

निकाल कसा सांगावा

‘विज्ञानात ९२ टक्के’ एवढ्यावरून शिक्षकाला फारसे कळत नाही. शाळेचा पेपर आणि हा पेपर यांचा बाज वेगळा आहे. एनएसईजेएसच्या अलीकडच्या पेपरांत दोन तासांत ६० प्रश्न आणि २१६ गुण असतात. त्यांतल्या ४८ प्रश्नांना बरोबर उत्तराचे तीन गुण मिळतात आणि चुकले की एक गुण जातो. उरलेल्या १२ प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. तिथे सगळे बरोबर पर्याय निवडले तरच सहा गुण मिळतात, मात्र चुकल्यास गुण कापले जात नाहीत.

म्हणून अर्जाआधी जुना पेपर घड्याळ लावून घरी सोडवा. तो भारतीय भौतिकी शिक्षक संघाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. समजा, एका मुलीची पहिल्या भागात २४ उत्तरे बरोबर आली, १६ चुकली आणि आठ प्रश्न तिने सोडले. ७२ वजा १६ म्हणजे ५६ गुण झाले. दुसऱ्या भागात दोन प्रश्न पूर्ण बरोबर, त्याचे १२. एकूण ६८. आकडा लहान दिसतो, पण शिक्षकाच्या कामाची माहिती त्यातच आहे. तिने ४० प्रश्नांना हात घातला आणि १६ चुकवले, म्हणजे ती अंदाजाने उत्तरे देते आहे. त्या १६ पैकी नऊ भौतिकशास्त्रातले असतील, तर तिला काय शिकवायचे हेही ठरते. हा आकडा लपवू नका.

आवड कशी सांगावी

‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी स्वतः केलेली एक गोष्ट मोजमापासह लिहावी. पत्र मुलानेच लिहायला हवे. पालकांनी लिहिलेले पत्र मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते. नमुना असा:

> प्रति,
> मा. समन्वयक,
> विज्ञान ऑलिम्पियाड प्रशिक्षण वर्ग
>
> विषय: २०२६-२७च्या प्रशिक्षण वर्गात प्रवेश मिळण्याबाबत.
>
> महोदय,
> मी इयत्ता नववीत, राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. विज्ञान आणि गणिताची पुस्तके सेमी-इंग्रजीची आहेत. माझा जन्म १४ मार्च २०१२चा आहे.
>
> आठवीच्या वार्षिक परीक्षेत मला विज्ञानात १०० पैकी ८४ व गणितात १०० पैकी ७८ गुण मिळाले. एनएसईजेएसचा एक जुना पेपर मी घरी दोन तासांत सोडवला. त्यात २१६ पैकी ६८ गुण झाले. १६ उत्तरे चुकली, त्यांतली नऊ भौतिकशास्त्राची होती.
>
> मी एक मीटर दोरीचा लंबक करून २० दोलनांना लागणारा वेळ मोजला. लहान झोक्याला ४० सेकंद लागले. ६० अंशांवरून सोडल्यावर सुमारे ४२ सेकंद लागले. झोका कितीही मोठा असला तरी वेळ तोच राहतो, असा माझा समज होता. फरक का पडला हे मला समजून घ्यायचे आहे.
>
> शनिवारी व रविवारी मी पूर्ण वेळ येऊ शकते. प्रवेश मिळावा, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पालकांचा फोन)
>
> सोबत: आठवीचे प्रगतिपुस्तक, जन्मदाखला (स्वसाक्षांकित प्रती), सोडवलेल्या पेपरची उत्तरे.

मंडळ आणि माध्यम मुद्दाम लिहिले आहे. परीक्षेचा अभ्यासक्रम साधारणपणे केंद्रीय मंडळाच्या दहावीपर्यंतचा असतो. राज्य मंडळाच्या नववीतल्या मुलीला कोणते धडे जास्तीचे शिकवावे लागतील, हे शिक्षकाला या ओळीवरून समजते. प्रमाणपत्रांची चळत जोडू नका, वरची तीन कागदपत्रे पुरतात.

खर्चाचा हिशेब

अर्जाला स्वतःचा खर्च जवळजवळ नाही. कोरा कागद, स्वच्छ हस्ताक्षर, चार-पाच झेरॉक्स आणि लागलाच तर एक फोटो, सारे मिळून शंभर रुपयांच्या आत भागते. स्टॅम्प पेपर किंवा प्रतिज्ञापत्र लागत नाही. पत्र लिहून देण्याचे पैसे कोणालाही देऊ नका.

खरा खर्च पुढे आहे. समजा, २० आठवड्यांच्या वर्गाची फी १२,००० रुपये सांगितली. वर्ग खासगी आणि जीएसटी नोंदणी असलेला असेल, तर त्यावर १८ टक्के म्हणजे २,१६० रुपये येतात. फीमध्ये कर धरला आहे का, हे आधी विचारा. आठवड्याला दोन फेऱ्या आणि जाऊन-येऊन ४० रुपये धरले, तर प्रवासाचे १,६०० होतात. एकूण १५,७६० रुपये झाले. परीक्षेचे शुल्क याहून वेगळे, ते काहीशे रुपयांचे असते. पुस्तकांवर लगेच खर्च करू नका. बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवर मोफत मिळतात, पहिले काही आठवडे तीच पुरतात.

फी सवलत हवी असेल, तर मुलाच्या अर्जात ती घालू नका. पालकांनी वेगळे पत्र द्यावे, उत्पन्नाचा दाखला जोडावा आणि आपण किती रक्कम भरू शकतो ते आकड्यात लिहावे. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ याला उत्तर देणे अवघड जाते. ‘१२,००० ऐवजी ५,००० रुपये दोन हप्त्यांत भरू शकतो’ याला होय किंवा नाही म्हणता येते.

प्रवेश मिळाल्यावर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: एकूण तास, शिकवणाऱ्यांची नावे आणि मूल मधेच थांबल्यास किती फी परत मिळेल. पावतीवर वर्गाचे नाव आणि कालावधी हवा. आणि अर्जासोबत दिलेला सोडवलेला पेपर वर्गाने पाहिला का, त्यावर मुलाशी बोलले का, हे विचारा. तो न उघडताच ‘प्रवेश पक्का, फी भरा’ असे उत्तर आले, तर निवड गुण आणि आवड पाहून झालेली नाही. अशा ठिकाणी पूर्ण फी एकरकमी भरू नका.