झाडे आणि धूळ : एका क्रियापदाची तपासणी

'झाडे धूळ शोषून घेतात' हे विधान आपण शालेय निबंधांपासून वाचत आलो आहोत. भाषेच्या अभ्यासकाला त्यातील क्रियापद खटकले पाहिजे. पाणी स्पंजात शोषले जाते. धूळ मात्र पानाच्या पृष्ठभागावर केवळ बसते. वाऱ्याने ती पुन्हा उडते, पावसाने धुऊन रस्त्याकडेला साचते आणि सुकल्यावर वाहनांच्या चाकांमुळे परत हवेत जाते. म्हणून येथे 'तात्पुरती अडवणे' हा शब्दप्रयोग अधिक यथार्थ ठरेल.

आता प्रमाणाचा विचार करू. पानावर आदळून थांबतात ते मुख्यतः जाड कण. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण हवेच्या प्रवाहाबरोबर पानाला वळसा घालून पुढे निघून जातात. शहरभर झाडे लावूनही हवेतील कणांचे प्रमाण थोड्याच टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष ब्रिटनच्या शासकीय तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये मांडला.

झाडांची रचनाही महत्त्वाची असते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील पर्जन्यवृक्ष घ्या : उंच छत्री आणि खाली उघडे खोड. आपल्या नाकाच्या उंचीवरची धूळ त्या खोडांमधून सहज पलीकडे जाते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील, तर छत्र्यांची कमान वारा मंदावते आणि वाहनांचा धूर खालीच कोंडून राहतो. सावलीसाठी मी तरीही पर्जन्यवृक्षच निवडेन, पण तो वेगळा मुद्दा आहे. याउलट रस्ता आणि पदपथ यांमध्ये जमिनीपासून दाट वाढलेले कुंपण असेल, तर त्यालगत चालणाऱ्याला खरा आडोसा मिळतो. असा पट्टा उपयोगी आहे की नाही, हे पानावर फडके फिरवून कळत नाही. त्यासाठी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हवा मोजावी लागते.

घरातील कुंड्यांची कीर्ती १९८९ च्या 'नासा'च्या प्रयोगातून पसरली. त्यात धूळ नव्हे, तर बेंझिनसारखे वायू तपासले होते आणि तेही बंद पेटीत. आपली खोली बंद पेटी नसते. दहा चौरस मीटर क्षेत्रफळाची व तीन मीटर उंचीची खोली घ्या. तिच्यात तीस घनमीटर हवा मावते आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून ती तासाभरात साधारण एकदा बदलते. जुन्या प्रयोगांचा एकत्रित फेरविचार २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक कुंडी तासाला सुमारे ०.०२३ घनमीटर हवा या वायूंपासून स्वच्छ करते. तीसला ०.०२३ ने भागल्यास उत्तर येते सुमारे तेराशे! म्हणजे फटींतून आपोआप घडणारे काम करण्यासाठी तेराशे कुंड्या हव्यात. मग माणसाला बसायला जागा उरणार नाही.

स्वयं-अध्ययन : रोपवाटिकेच्या एखाद्या जाहिरातीतील 'हवा शुद्ध करते' हे वाक्य घ्या. कोणता घटक, किती हवेतून व किती वेळात, हे सांगणारी पदे त्यात घालून ते पुन्हा लिहा.